धागा: ‘हे बघा’, ‘ही इथे वळते’... स्लाईड नाहीत, नुसता उतारा आहे, सारांश करू कसा?

माहीमची_मेधा
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यावेळी २६ जुलै २००५ चा पूर आणि मिठी नदी यावर एका निवृत्त इंजिनियर सरांचं व्याख्यान झालं. छान झालं म्हणतात, मी नव्हते. आता अंकासाठी त्याचा सहाशे शब्दांत सारांश करायचं काम माझ्या गळ्यात आलंय. हातात काय, तर उतारा. कुणीतरी फोनवर आवाज रेकॉर्ड केला, दुसऱ्या कुणीतरी ऐकून टाईप केला, मधेमधे मिनिटं घातलीयेत तेवढं नशीब. आणि सर अख्खा वेळ पडद्याकडे बोट दाखवून बोलतायत. नमुना बघा:

> [०८:३०] समुद्र वर आहे, खाडी खाली. आपण डावीकडून सुरू करू.
> [१२:१०] आता हे बघा. हा इथला आणि हा तिथला. एकाच दिवशी बरं का. इथे तर छत्री पुरली असती! आणि हा जो आहे ना, हा सगळा ह्या एवढ्या तासांत पडलाय, दुपारनंतर.
> [१३:४०] हां. आता ही. ही इथून निघते, अशी येते आणि इथे आली की ह्यांनी तिला दाबली. नव्वद अंशात. ही मूळची, ही आत्ताची. कळलं?
> [१६:०५] हे महत्त्वाचं. हा चढतोय, चढतोय आणि नेमकी त्याच वेळेला ही पण वर. एकावर एक. मग जाणार कुठे?

असं पन्नास मिनिटं. सरांना स्लाईड मागितल्या, ते मुलाकडे परदेशात गेलेत, मेसेजवर निळी टिक पण येत नाहीये. अंक गुरुवारी प्रेसला जातोय. काय करू?

बोरिवली_फास्ट
सोप्पंय. व्हिडिओ पॉज करत जा, प्रत्येक स्लाईडचा स्क्रीनशॉट काढ, मग त्यावरून लिही. मी ऑफिसच्या सगळ्या वेबिनारचं असंच करतो.

माहीमची_मेधा
अरे बाबा व्हिडिओ असता तर धागा कशाला काढला असता 😄 आवाज पण आता नाहीये, ज्याच्या फोनमध्ये होता त्याने जागा नाही म्हणून उडवला.

पंपवाला_काका
मेधाताई, चिंता करू नका. हा विषय माझ्या आयुष्यातला आहे, मी पावसाळी गटारं आणि पंपांच्या कामातच रिटायर झालो. तुमचे सर काय दाखवत होते ते मी डोळे मिटून सांगतो, तुम्ही नुसतं लिहून घ्या. १२:१० ला पावसाचे आकडे आहेत, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास. १६:०५ ला भरतीचा ग्राफ, त्या दिवशी दुपारी तीनच्या आधी ४.४८ मीटरची भरती होती आणि पाऊसही तेव्हाच धरला. आपली जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरसाठी, ती पण ओहोटी असेल तर. ही गटारं सुधारायच्या योजनेचा, ब्रिमस्टोवॅडचा अहवाल १९९३ चा, त्यात ताशी ५० करायचं ठरलं होतं. हे सगळं घाला, उत्तम सारांश होईल.

खिळेजुळारी
काका, तुमचे आकडे बरोबर आहेत, मी पण ते छापलेत पूर्वी. पण ताईंना पुरावर लेख लिहायचा नाहीये, एका माणसाने त्या संध्याकाळी काय सांगितलं ते लिहायचंय, आणि त्या माणसाने उताऱ्यात ९४४ म्हटलेलं नाही. स्लाईडवर ९४४ असेलही, पण तिथे दर तासाचे खांब असतील, आठवड्याची बेरीज असेल, किंवा नुसते दोन रंग भरलेले असतील. तो आकडा तुम्ही सरांच्या तोंडी घातलात तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की सर कुठे संपले आणि काका कुठे सुरू झाले.

मी बरीच वर्षं परिसंवादांचे वृत्तांत केलेत, इंजिनियर लोकांचेच जास्त, आणि ते सगळे असेच बोलतात. माझी पद्धत सांगतो. उताऱ्याची प्रिंट काढायची आणि बोट दाखवणारा प्रत्येक शब्द, हा ही हे इथे असं ह्यांनी, पेन्सिलने गोल करायचा. मग प्रत्येक गोलाला एकच प्रश्न विचारायचा, ह्याचं उत्तर उताऱ्यातच दुसरीकडे कुठे आहे का? असेल तर त्या ओळीचं मिनिट बाजूला लिहायचं. नसेल पण अंदाज बांधता येत असेल तर अंदाज आणि तो कशावरून बांधला ते लिहायचं. दोन्ही नसेल तर गोल तसाच मोकळा सोडायचा. मोकळा गोल भरायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

मराठीत आपल्याला एक फुकटची मदत आहे ती म्हणजे लिंग. इंग्रजी वक्ता नुसता एकच शब्द फेकतो, आपला माणूस ‘हा’ म्हणतो की ‘ही’ म्हणतो यावरून निम्मी वस्तू कळते. १२:१० चा ‘हा इथला, हा तिथला, पडलाय’ म्हणजे पाऊस, दुसरं काही बसतच नाही. १३:४० ची ‘ही निघते, येते’ म्हणजे नदी. १६:०५ ला ‘हा चढतोय’ पाऊस आणि ‘ही पण वर’ भरती. ‘ही’ म्हणजे ग्राफवरची लाईन पण असू शकते, पण लाईन तरी कशाची असणार, भरतीचीच, त्यामुळे तिथे अडत नाही.

अडतं कुठे, तर ‘ही मूळची, ही आत्ताची’ इथे. ही म्हणजे नदीची वाट की नदीची रुंदी? रुंदी पण ‘ही’च. नव्वद अंशात म्हणाले त्यावरून वाट वाटते, दाबली म्हणाले त्यावरून रुंदी वाटते. अशा वेळी दोन्ही अर्थ पोटात घेईल असा शब्द शोधायचा. ‘मूळचं पात्र आणि आत्ताचं पात्र’ लिहा, वाट बदललेली असो की अरुंद झालेली असो, वाक्य खोटं पडत नाही.

आणि प्रश्नोत्तरं टाईप केलीयेत का? असतील तर आधी ती वाचा. भाषणात सर पडद्याशी बोलतात, प्रश्न विचारणारा मात्र मागच्या रांगेत असतो, त्याला बोट दाखवता येत नाही, म्हणून तो नावं घेतो.

सेक्रेटरी_बी_विंग
हा विषय फार जवळचा आहे. आमच्या सोसायटीच्या एजीएमला चेअरमनने गळतीचे फोटो लावले आणि म्हणाले ‘हे ह्यांच्यामुळे झालंय.’ मी मिनिट्समध्ये लिहिलं ‘चौथ्या मजल्यावरील सभासदांमुळे’, कारण फोटो चौथ्या मजल्याचा होता असं सगळेच म्हणत होते. पुढे काय झालं ते विचारू नका, वकिलाची नोटीस आली, चेअरमन म्हणतात मी कॉन्ट्रॅक्टरबद्दल बोलत होतो. पण माझा प्रश्न वेगळाय, असे फोटो मिनिट्सला जोडावे लागतात का? उपनिबंधकांकडे तक्रार गेली तर?

खिळेजुळारी
ते वेगळ्या धाग्यावर विचारा साहेब, तिथे जाणकार आहेत. पण तुमच्या ‘ह्यांच्यामुळे’वरून ताईंच्या उताऱ्यातला सगळ्यात धोक्याचा शब्द आठवला. ‘ह्यांनी तिला दाबली.’ कुणी?

परळ_टीटी
कुणी म्हणजे काय, नदीकाठच्या झोपड्यांनी. सगळ्या मुंबईला माहितीय.

चर्चगेट_स्लो
सगळ्या मुंबईला बीकेसी पण माहितीय 🙂 ती काचेची ऑफिसं कुठल्या जमिनीवर उभी आहेत? तिवरं आणि खाडीत भराव टाकूनच ना.

पंपवाला_काका
दोघंही थांबा. सर नव्वद अंशात म्हणालेत ना, मग विमानतळ. धावपट्टीपाशी मिठीला काटकोनात वळवलंय, नकाशा उघडून बघा, नैसर्गिक नदी अशी वळत नाही. झोपड्यांनी किंवा बीकेसीने नदी अरुंद होईल, काटकोन नाही होणार.

खिळेजुळारी
काका, हा अंदाज सगळ्यात चांगला आहे, मीही पैज विमानतळावरच लावेन. पण पैज ती पैज. ‘दाबली’ आणि ‘नव्वद अंशात’ यांच्या मधे एक पूर्णविराम आहे, तो टाईप करणाऱ्याने घातलाय, सरांनी नाही. एक गोष्ट दाखवून दाबली म्हणाले असतील आणि बोट पुढे सरकवून नव्वद अंशात म्हणाले असतील, आवाजात ते कळत नाही. वर तीन माणसांनी एका ‘ह्यांनी’मध्ये तीन वेगवेगळे आरोपी बसवले, प्रत्येकाने आपल्या मनातला. सारांशात तो आरोप सरांच्या नावावर छापला जाईल आणि सर गावात नाहीयेत. तो गोल मोकळाच राहू दे.

माहीमची_मेधा
बापरे, मी पहिल्या ड्राफ्टमध्ये ‘अतिक्रमणांमुळे’ लिहायच्या बेतात होते, कारण तो शब्द कुठेही चालून जातो.

बरं, प्रश्नोत्तरं आहेत! शेवटची बारा-तेरा मिनिटं. दोन कामाची सापडली:

> [५२:२०] एक बाई: सर, कुलाब्याला छत्री पुरली असती म्हणालात, मग आमच्या कलिन्यात माणूस छातीपर्यंत कसा बुडाला? सर: अहो सांताक्रूझचं यंत्र तुमच्या घराजवळच आहे. तुमच्याच डोक्यावर पडला तो.
> [५६:४५] एक गृहस्थ: भरती नसती तर वाचलो असतो? सर: नाही नाही. कमी झालं असतं. वाचलो नसतो. एवढ्याला आपली गटारं बांधलेलीच नव्हती.

खिळेजुळारी
बघा, एका बाईंनी तुमचे दोन गोल भरून दिले. ‘इथे छत्री’ म्हणजे कुलाबा आणि दुसरा पाऊस सांताक्रूझचा, हे आता सरांच्याच शब्दांत आहे, बिनधास्त लिहा.

दुसरं उत्तर त्याहून महत्त्वाचं. १६:०५ नुसतं वाचलं तर असं वाटतं की पाऊस आणि भरती एकत्र आले म्हणून पूर आला, म्हणजे योगायोग. बहुतेक जण सारांशात तेच लिहितील, कारण सर स्वतःच ‘हे महत्त्वाचं’ म्हणालेत आणि ग्राफ जोरदार असणार. पण ५६:४५ ला त्यांनी त्याचं वजन कमी केलंय. भरतीने भर घातली, मूळ कारण गटारांची ताकद. स्लाईडवर जे ठसठशीत दिसतं तेच वक्त्याचं म्हणणं असतं असं नाही. आता काकांचा ताशी २५ चा आकडा इथे ओठावर येतोय, पण सर ‘एवढ्याला’ एवढंच म्हणालेत.

पंपवाला_काका
मग वाचकाने काय समजायचं? एवढ्याला म्हणजे केवढ्याला? सारांश वाचणारा माणूस अर्धवट माहिती घेऊन घरी जाणार. मला हे पटत नाही. खरा आकडा माहीत असताना तो न देणं हा कसला प्रामाणिकपणा.

खिळेजुळारी
द्या ना. पण सारांशाच्या बाहेर. खाली वेगळी चौकट करा, ‘संपादकांची जोड, व्याख्यानातील नाही’ असं वर लिहा आणि तिथे ९४४, ७३, ताशी २५ सगळं घाला. वाचकाला माहितीही मिळाली आणि सरांच्या तोंडात काही कोंबलंही नाही.

पंपवाला_काका
चौकट कोणी वाचत नाही. पण ठीक.

चर्चगेट_स्लो
मी आर्किटेक्चरला आहे, ०८:३० बद्दल बोलू का? मेधाताई, ‘डावीकडून सुरू करू’चं तुम्ही ‘पश्चिमेकडून’ करणार असाल तर थांबा. आपण नकाशा म्हटलं की उत्तर वर धरतो, मग डावी बाजू म्हणजे पश्चिम. पण मुंबई उभी लांबलचक आणि स्लाईड आडवी, त्यामुळे आमच्या कॉलेजात अर्धे लोक मुंबई आडवी झोपवून लावतात, लोकलच्या डब्यातल्या त्या स्टेशनांच्या पट्टीसारखी. सर म्हणतायत समुद्र वर आणि खाडी खाली. समुद्र पश्चिमेला, ठाण्याची खाडी पूर्वेला. म्हणजे पश्चिम वर आहे, नकाशा उजवीकडे फिरवलाय, उत्तर गेली उजव्या हाताला. मग डावीकडे काय उरलं? दक्षिण. म्हणजे सर कुलाब्याकडून सुरू करतायत.

माहीमची_मेधा
अगं!! मी खरंच ‘पश्चिमेकडून’ लिहिलं होतं. आणि पुढे [०९:१५] ला ‘इथे फोर्ट, पुढे जात जात माहीम, मग खाडी ओलांडली’ आहे, म्हणजे दक्षिणेकडूनच उत्तरेला चाललेत. जुळतंय.

खिळेजुळारी
वा. हे मला सुचलं नसतं. आणि ०९:१५ ची ओळ नसती तरी चाललं असतं, पण ती आहे म्हणून आता हा अंदाज राहिला नाही.

परळ_टीटी
एक शंका. असे जे मोकळे गोल राहतात ते लिहायचेच कशाला? सरळ ती वाक्यं गाळा. सारांश आहे, सगळं घ्यायलाच पाहिजे असं कुठे आहे.

खिळेजुळारी
कधी कधी गाळायचंच. उदाहरणार्थ पंपिंग स्टेशनच्या फोटोंवर सर पाच मिनिटं ‘हे एक, हे दुसरं’ करत असतील तर ‘पंपिंग स्टेशनची छायाचित्रं दाखवली’ इतकी एक ओळ पुरे. मी तर ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’, ‘वरील नकाशात’ असलं काही सारांशात ठेवतच नाही, वाचक उगाच पान उलटून आकृती शोधतो. पण जिथे दावा आहे आणि फक्त त्याचा कर्ता हरवलाय, तिथे गाळलं तर व्याख्यानाचा कणाच जातो. नदी कुणीतरी दाबली हे सरांचं मुख्य म्हणणं दिसतंय. दावा ठेवा, कर्ता कळत नाही असं सांगा.

माहीमची_मेधा
एक परिच्छेद टाकतेय, झोडपा:

> वक्त्यांनी सांताक्रूझ आणि कुलाबा इथल्या त्या दिवशीच्या पावसाची तुलना केली. कुलाब्याला ‘छत्री पुरली असती’ इतपतच पाऊस होता. सांताक्रूझचा बहुतेक सगळा पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत पडला. मिठीचं मूळचं आणि आत्ताचं पात्र त्यांनी नकाशावर दाखवलं. वाटेत एके ठिकाणी ती ‘दाबली’ गेली असं ते म्हणाले, काटकोनाचाही उल्लेख केला. मात्र हे नेमकं कुठे आणि कुणी केलं ते ध्वनिमुद्रणातून कळत नाही. पावसाचा जोर आणि भरती एकाच वेळी आली. भरती नसती तर पूर कमी झाला असता, टळला नसता, कारण एवढ्या पावसासाठी गटारं बांधलेलीच नव्हती, असं त्यांनी एका प्रश्नाला उत्तर देताना स्पष्ट केलं.

चर्चगेट_स्लो
‘नकाशावर’ कुठून आलं? १३:४० ला सर नकाशा म्हणतच नाहीत. विमानातून काढलेले दोन फोटो असतील, नाहीतर हाताने काढलेलं स्केच.

माहीमची_मेधा
हो गं, आपोआप आलं ते. ‘त्यांनी दाखवलं’ एवढंच ठेवते.

खिळेजुळारी
छान जमलंय. एकच, ‘बहुतेक सगळा’ मधलं बहुतेक सरांचं नाही. ते ‘हा सगळा’ म्हणालेत.

पंपवाला_काका
सगळा नाहीच पडला दुपारनंतर! थोडा सकाळी होता, रात्रीही होता. बहुतेकच बरोबर आहे, मी सांगितलं तिला फोनवर.

खिळेजुळारी
काका, बरोबर तुम्हीच आहात. पण बोलले सर आहेत. बोलताना माणूस सगळा म्हणतोच, ते अवतरणात ‘सगळा’ ठेवा आणि हवं तर तुमची दुरुस्ती चौकटीत घाला.

पंपवाला_काका
म्हणजे चुकीचं छापायचं आणि खाली बारीक टाईपात बरोबर. धन्य आहे.

बोरिवली_फास्ट
सरांच्या मुलाला लिंक्डइनवर मेसेज टाका की.

सायनचा_सुहास
धागा आत्ता बघितला. मी त्या व्याख्यानाला होतो, तिसऱ्या रांगेत. ‘ह्यांनी दाबली’ म्हणताना सरांनी विमानतळच दाखवला, धावपट्टी लाल केली होती. मला पक्कं आठवतंय. शेजारी माझी बायको होती, तिला आत्ता विचारलं तर ती म्हणते लाल धावपट्टी ही नंतरची स्लाईड, तेव्हा कुर्ल्याजवळचा पूल होता आणि सर पुलाच्या खांबांबद्दल बोलत होते. अर्धा तास झाला, आमचं अजून चाललंय.

माहीमची_मेधा
सुहासदादा, वहिनींना विचारा लाल धावपट्टीच्या स्लाईडला सर काय बोलले ते आठवतंय का. उताऱ्यात [२१:५०] ला ‘हा लाल पट्टा बघा’ आहे, तोही गोल अजून मोकळाच आहे. आजच्या रात्रीत कळलं तर घालते, नाहीतर आहे तसं प्रेसला पाठवते.